पगार की समाजाचे काम? पदवीनंतरच्या निर्णयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. विचारणारे बहुतेक जण अभियांत्रिकी, विज्ञान किंवा समाजकार्य शाखेचे होते, आणि बऱ्याच जणांच्या हातात एकाच वेळी दोन पत्रे होती: एक कंपनीचे, दुसरे एखाद्या संस्थेच्या फेलोशिपचे.

पैसा मिळवायचा की समाजासाठी काम करायचे, असे खरोखरच दोन वेगळे रस्ते असतात का?

काही वेळा असतात, पण विचारणाऱ्याला वाटते तितक्या वेळा नाही. पगार घेणारा प्रत्येक जण स्वार्थी आणि मानधनावर राहणारा प्रत्येक जण त्यागी, ही विभागणी बोलायला सोपी असली तरी तिच्या आधारे निर्णय घेता येत नाही. निर्णयासाठी तीन वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. आपल्याला खरोखर किती पैसा लागतो, आपण त्या जागेवर नसतो तर काय घडले असते, आणि आज घेतलेला निर्णय पुढे कितपत बदलता येतो. यातली पहिली गोष्ट निव्वळ हिशेबाची असूनही सर्वांत कमी तपासली जाते, म्हणून खाली तिला सर्वाधिक जागा दिली आहे. मूल्यांचा प्रश्न या हिशेबापाशी संपत नाही, पण हिशेब न करता मूल्यांबद्दल बोलू लागलो की बोलणे लवकरच भाबडे होते.

‘पुरेसे’ म्हणजे किती, हे आपल्याकडे कोणी आधी ठरवून पाहिले आहे का?

पाहिले आहे, आणि त्यावरून मोठे भांडणही झाले आहे. पुण्यात १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. संस्थेच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवा द्यायची आणि महिना ७५ रुपयांच्या आसपास पगारावर समाधान मानायचे, असा करार होता. त्या काळी बी. ए., एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीत याहून पुष्कळ जास्त मिळण्याची शक्यता असे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून आले होते. आता मुलगा मोठ्या पगारावर लागेल अशी आशा धरू नकोस, अशा आशयाचे आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र तर मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

या कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. टिळक आणि आगरकर यांच्यात सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर जितका वाद झाला, जवळजवळ तितकाच पैशाच्या आणि वेळेच्या नियमांवर झाला. सदस्यांचा पगार वाढवावा का, बाहेरून मिळणारे उत्पन्न सदस्याने स्वतःकडे ठेवावे का, संस्थेबाहेरचे काम त्याने स्वीकारावे का, असे ते प्रश्न होते. टिळकांचे म्हणणे असे की सदस्याने स्वतःला पूर्णपणे संस्थेला वाहून घेतले पाहिजे आणि बाहेरचे व्याप सांभाळू नयेत, नाहीतर कराराला अर्थ उरत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की इतक्या थोड्या पगारावर संसार चालवणाऱ्या माणसाच्या उरलेल्या वेळेवर संस्थेने हक्क सांगणे गैर आहे. तरुण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद शिगेला पोहोचला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. बाहेर पडल्यावर त्यांनी चरितार्थासाठी कायद्याचे वर्ग चालवले.

मला या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती गोखल्यांची पुढची वाटचाल. सदस्याला बाहेरच्या कामाची मोकळीक हवी, या बाजूला ते १८९० मध्ये होते. अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहिले होते आणि त्याचे उत्पन्न त्यांना मिळत असे. पण १२ जून १९०५ रोजी त्यांनी स्वतः भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांच्या शपथेत असे कलम घातले की संस्था जी तजवीज करील तिच्यावर स्वतःचा आणि कुटुंबाचा निर्वाह करायचा आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्तीचा कोणताही भाग खर्च करायचा नाही. ही अट टिळकांच्या १८९० च्या भूमिकेच्या फार जवळची आहे. गोखले बदलले असे यावरून म्हणता येईल. नियमाच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत त्यावर तो न्याय्य वाटणे अवलंबून असते, असेही म्हणता येईल. आजच्या पदवीधराने यातून एवढे घ्यावे की कमी पैशात काम करायचे ठरवणे हा सुरुवातीचा निर्णय असतो, आणि तो पगार पुढे कोणत्या नियमाने वाढेल व जास्तीचे पैसे कोणाचे, हा दुसरा निर्णय असतो. एकमेकांवर जीव असलेली, एकत्र तुरुंगात गेलेली माणसे या दुसऱ्या निर्णयावर फुटली, कारण तो त्यांनी पुरेसा स्पष्टपणे आधी घेतला नव्हता.

माझ्यासाठी ‘पुरेसे’ किती, हे कसे काढू?

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण ते कोणत्याही वसतिगृहाच्या खोलीत ओळखीचे वाटतील.

समजा, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी बी. ई. झाली आहे. वडिलांची तीन एकर जिरायती शेती, धाकटा भाऊ बारावीत. शैक्षणिक कर्ज ४ लाख रुपये, व्याज १० टक्के, फेड सात वर्षांत. तिच्यासमोर पुण्यातली नोकरी आहे, हातात ४५,००० रुपये येतील. दुसरीकडे एका ग्रामीण संस्थेची दोन वर्षांची फेलोशिप आहे, महिना २४,००० रुपये.

कर्जाचा हप्ता साधारण ६,६४० रुपये येतो. पुण्यात राहिली तर खोलीच्या भाड्यातला तिचा वाटा ७,०००, मेस ४,५००, प्रवास आणि फोन २,५००, घरी पाठवायचे ५,०००, आणि विमा व अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायचे ३,०००. बेरीज २८,६४०. संस्थेच्या गावी खोली ३,००० आणि मेस ३,५०० धरली व बाकीचे तसेच ठेवले, तर बेरीज २३,६४० होते. म्हणजे फेलोशिपमध्ये महिन्याअखेर हातात ३६० रुपये उरतात.

कागदावर हे जमते. पण वडिलांची विहिरीवरची मोटार जळाली किंवा भावाच्या प्रवेशाची फी एकदम भरावी लागली, की पहिला हप्ता चुकतो. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहसा सहकर्जदार असतात, त्यामुळे हप्ता थकला की पत त्यांचीही खराब होते, आणि पुढच्या वर्षी पीककर्जासाठी बँकेत गेलेल्या वडिलांना त्याचे कारण ऐकावे लागते. स्वतःची गैरसोय सोसायला ती तयार आहे, पण येथे सोसणार दुसरेच कोणीतरी आहे.

आता दुसरी बाजू. पुण्याच्या नोकरीत खर्च आणि हप्ता जाऊन तिच्याकडे १६,३६० रुपये उरतात. ही सगळी शिल्लक हप्त्यासोबत कर्जातच भरली, म्हणजे महिना २३,००० रुपये, तर कर्ज सुमारे १९ महिन्यांत फिटते. (मुदतीपूर्वी फेडल्यास काही आकार लागतो का, हे बँकेला आधी लेखी विचारावे.) त्यानंतर गावी राहण्याचा तिचा किमान खर्च २३,६४० वरून १७,००० वर येतो. तीच २४,००० ची फेलोशिप आता महिना ७,००० शिल्लक टाकते, आणि मोटार जळाली तरी चालते.

याचा अर्थ प्रत्येकाने आधी नोकरी करावी असा नाही. कर्ज नसलेल्या आणि वडिलांना निवृत्तिवेतन असलेल्या मुलाने हाच तक्ता मांडला, तर पहिल्या दिवसापासून फेलोशिप घेण्यात त्याला कसलीही आर्थिक अडचण नाही असे दिसेल, आणि मग ‘परिस्थिती नाही’ हे कारण त्याला वापरता येणार नाही.

आधी कमवू, मग समाजासाठी काम करू, असे ठरवणारे खरोखर परत येतात का?

काही येतात. जे येत नाहीत त्यांचा हेतू खोटा होता असे नाही. त्यांचा किमान खर्चाचा आकडा दरम्यान सरकलेला असतो. वरच्या उदाहरणातली मुलगी १९ व्या महिन्यात मोकळी होते, पण अठराव्या महिन्यात तिला बढती मिळते, मैत्रिणी वेगळा फ्लॅट घेऊ म्हणतात, आणि घरी कोणीतरी म्हणते की भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा स्वतःच्या घराचा हप्ता भरलेला बरा. वीस वर्षांचे गृहकर्ज घेतले की तिचा किमान खर्च २२,००० वरून ५०,००० वर जातो. यातला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी शहाणपणाचाच वाटतो.

त्यामुळे आकडा पहिला पगार खात्यात जमा होण्यापूर्वी लिहून ठेवावा आणि तो दोन माणसांना दाखवावा, त्यांतले एक घरातले असावे. तारीखही लिहावी. ‘काही वर्षांनी’ असे न लिहिता ‘कर्ज फिटल्यापासून सहा महिन्यांत’ असे लिहावे. आकडा वाढवायला हरकत नाही, लग्न होते, आजारपणे येतात, पण तो वाढवताना त्या दोघांना कारण सांगावे लागेल अशी सोय असावी. आकडा सरकतो आहे याची एक साधी खूण म्हणजे, ‘एवढ्यात कसे भागते’ हा प्रश्न आपण पूर्वीच्या आपल्यासारख्याच माणसाला कुतूहलाने विचारू लागतो.

मी ते काम नाही केले तर दुसरे कोणी करीलच. मग माझ्या जाण्याने काय फरक पडतो?

ही शंका पळवाट म्हणून पुढे आणली जाते, पण ती खरोखर महत्त्वाची आहे. ऑक्सफर्डमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ‘८०,००० अवर्स’ या संस्थेने करिअरच्या सल्ल्यात हाच प्रश्न मध्यभागी आणला. (चाळीस वर्षे, वर्षाला पन्नास आठवडे, आठवड्याला चाळीस तास, असा तो ८०,००० चा गुणाकार आहे.) त्यांचे म्हणणे असे की आपण केलेले एकूण काम मोजू नये, आपण नसतो तर झाले असते त्यापेक्षा जास्त काय झाले ते मोजावे.

आपल्याकडे हे डॉक्टरांच्या बाबतीत लख्ख दिसते. पुण्यात आणखी एका त्वचारोगतज्ज्ञाने दवाखाना थाटला तर रुग्णांची मुख्यतः फेरवाटणी होते. मेळघाटात ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा महिनोन्‌महिने रिकामी आहे, तेथे साधा एमबीबीएस झालेला डॉक्टर राहू लागला तर रात्री अडलेली बाळंतीण कोणाकडे न्यायची, याचे उत्तरच बदलते.

पण हा युक्तिवाद उलटाही वळतो. शहरातल्या नामांकित संस्थेच्या एका जागेसाठी शेकडो अर्ज येत असतील, तर तुमच्या जागी येणारा माणूस बहुधा तुमच्याइतकाच चांगला असतो, आणि संस्थेचे नाव मोठे आहे म्हणून तुमच्या जाण्याचा फरक मोठा ठरत नाही. याउलट जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातला, मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष जागेवर जाऊन भरणारा कनिष्ठ अभियंता सरकारी पगार घेतो, त्याला कोणी समाजसेवक म्हणत नाही, आणि तरीही त्याच्या जागी दुसरा असता तर एखाद्या गावाची टाकी कागदावरच राहिली असती. ‘समाजाचे काम’ हा शिक्का कोणत्या नोकरीवर आहे, हे पाहून फारसे काही कळत नाही.

गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेच्या कामात हाच विचार वेगळ्या रूपाने दिसतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे केवळ स्वतः रुग्ण तपासले असते, तर फरक त्यांच्या दोन जोडी हातांपुरता राहिला असता. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले आणि त्याचे परिणाम मोजले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३९ गावांत हे काम झाले आणि तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. याच दांपत्याने २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांना हा प्रश्न खरोखर छळतो आहे त्यांनी त्याची माहिती जरूर घ्यावी.

भरपूर कमवून त्यातले देणे, हा मार्ग प्रामाणिक आहे का?

प्रामाणिक आहे, आणि तो परदेशातून आलेला नाही. कांशीराम पुण्याजवळ खडकीच्या संरक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. तेथूनच डी. के. खापर्डे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचे जे संघटन उभे राहिले, त्यातून ६ डिसेंबर १९७८ रोजी ‘बामसेफ’ स्थापन झाली. आरक्षणामुळे आणि आंबेडकरी चळवळीमुळे नोकरीत आलेल्या शिकलेल्या माणसाने आपला वेळ, पैसा आणि बुद्धी समाजाला परत द्यावी, हा तिचा पाया होता. सरकारी नोकराला सेवानियमांमुळे राजकारणात उतरता येत नाही, म्हणून नोकरी टिकवूनच देता येईल अशी रचना त्यांनी केली. ‘देणगी’ आणि ‘परतफेड’ या दोन शब्दांत येथे मोठे अंतर आहे. देणगी देणारा उपकार करतो, परतफेड करणारा फक्त देणे चुकते करतो.

या मार्गाला दोन मर्यादा आहेत. देण्याचा निर्णय दर महिन्याला नव्याने घ्यावा लागत असेल तर तो टिकत नाही, म्हणून ठरलेली टक्केवारी पगाराच्या दिवशीच खात्यातून जावी अशी व्यवस्था करावी. दुसरी मर्यादा गंभीर आहे. द्यायचे आहे म्हणून पैसा कसाही मिळवला तर चालतो, असे मन हळूहळू म्हणू लागते. सॅम बँकमन-फ्राइड हा देण्यासाठी कमावणाऱ्यांचा आदर्श म्हणून मिरवला जात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची एफटीएक्स ही आभासी चलनाची बाजारपेठ कोसळली, ग्राहकांचे पैसे वापरल्याचे सिद्ध झाले आणि मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. इतक्या टोकाला कोणी जात नाही, पण वयस्क ठेवीदारांना न समजणाऱ्या विमा योजना विकून त्यातले दहा टक्के अनाथाश्रमाला देणारा माणूस आपल्या ओळखीतही सापडेल.

मी घरातला पहिला पदवीधर आहे. मी पगाराला प्राधान्य दिले तर तो स्वार्थ ठरतो का?

नाही. धाकट्या बहिणीचे शिक्षण, आईचे गुडघ्याचे ऑपरेशन, सावकाराकडून सोडवायचा जमिनीचा तुकडा, हे सगळे समाजाबाहेर घडत नाही. त्यागाची बहुतेक प्रसिद्ध उदाहरणे ज्यांच्या घरात निदान एखादी पिढी शिकलेली होती अशा लोकांची आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे. आगरकर मात्र त्याला अपवाद म्हणावेत असे, गरिबीतून आलेले होते, आणि १८९५ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्या त्यागाची किंमत त्यांच्या पत्नीने आणि मुलांनीही मोजली. ते चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे उदाहरण देणाऱ्याने ते अखेरपर्यंत द्यावे.

संस्थेत जायचे ठरले आहे. होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

कामाबद्दल सगळेच विचारतात, पैशाबद्दल विचारायला संकोचतात. कोणाच्या निधीतून हे मानधन येते आणि तो निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे, हे थेट विचारावे. अनेक संस्थांचे पगार प्रकल्पाला बांधलेले असतात आणि प्रकल्प संपला की माणूसही संपतो. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर त्या निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, पूर्वी ही मर्यादा ५० टक्के होती. त्यामुळे कार्यालयातल्या पदांवर ताण येऊ शकतो. नेमणुकीचे पत्र मिळेल का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, दोन वर्षांनी मानधन कोणत्या नियमाने वाढते, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न विचारताना ७५ रुपयांचा करार आठवावा.

आणि या जागेवर पूर्वी कोण होते, ते का गेले, हे विचारून त्या व्यक्तीचा फोन नंबर मागावा. चांगली संस्था तो देते. ‘आमच्याकडे पैशासाठी कोणी येत नाही’ असे उत्तर मिळाले तर खालच्या कर्मचाऱ्यांना पगार कधी होतो, हे बाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारून पाहावे.

घरी कसे सांगू?

वरचा तक्ता वहीच्या पानावर लिहून घेऊन जावे, आणि हप्त्याची ओळ सर्वांत वर ठेवावी. ‘मला समाजासाठी काही करायचे आहे’ या वाक्याने सुरुवात केली की वडिलांना त्यात आपण समाजात मोडत नाही असे ऐकू येते. ‘कर्ज अमुक महिन्यात फिटेल, त्यानंतर घरी महिना ५,००० येतच राहतील, आणि दोन वर्षांनी आपण पुन्हा बसू,’ असे सांगितले तर बोलणी निदान आकड्यांवर होतात. आई बहुधा जेवणाचे काय करशील, तेथे रात्री एकटी राहशील का, असे विचारील. त्याची उत्तरे आधी त्या गावात एक मुक्काम करून आणावीत.